एक्सेलमध्ये तारीख कॉपी केली की चार वर्षं कुठं जातात? १९०४ च्या भानगडीबद्दल नेहमी येणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ बसून मी दोन-तीन बेदाणा आणि हळद व्यापाऱ्यांची एक्सेलची कामं बघतो. दर मार्च-एप्रिलला, म्हणजे बेदाण्याचा माल कोल्ड स्टोरेजला लागायला लागला आणि हिशोबाचं वर्षही संपत आलं की, एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "दादा, तारखा बदलल्यात, मी काहीच केलं नाही." तेच तेच टाईप करून कंटाळलो, म्हणून सगळं इथं एकत्र लिहिलंय.

१. एका फाईलमधून तारखा कॉपी करून दुसऱ्या फाईलमध्ये टाकल्या तर २०२४ चं २०२० झालं. नेमकं झालं काय?

एक्सेल तारीख तारीख म्हणून साठवतच नाही. आत फक्त एक आकडा असतो, म्हणजे एका ठरलेल्या दिवसापासून किती दिवस झाले तो, आणि आपल्याला दिसते ती तारीख हे त्या आकड्यावर चढवलेलं फॉरमॅट. घोळ असा की "ठरलेला दिवस" दोन प्रकारचा आहे. बहुतेक फायलींत १ जानेवारी १९०० म्हणजे १. काही फायलींत १ जानेवारी १९०४ म्हणजे ०.

आता १२ मार्च २०२४ घ्या. १९०० वाल्या फाईलमध्ये तिचा आकडा 45363 आहे आणि १९०४ वाल्या फाईलमध्ये 43901. दोन्हीकडं दिसताना १२ मार्च २०२४ च दिसते. पण १९०४ वाल्यातून कॉपी केलं की 43901 हा आकडा जसाच्या तसा उचलून जातो, आणि १९०० वाली फाईल तो स्वतःच्या मोजणीनं वाचते, मग दिसते ११ मार्च २०२०. आकडा बदललेला नाही, मोजायची सुरुवात बदलली. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

२. पण १९०४ च का? १९०० होतं की.

सुरुवातीच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरमध्ये तारखा १ जानेवारी १९०४ पासूनच चालायच्या, त्याआधीच्या नाहीत. त्यामुळं मॅकवरच्या एक्सेलनं तीच पद्धत घेतली, आणि मॅकसाठीच्या एक्सेल २००८ पर्यंत नवी फाईल काढली की ती १९०४ चीच असायची. एक्सेल २०११ पासून मॅकवरही १९०० आलं. विंडोजवर पहिल्यापासून १९०० च, कारण त्या काळी लोक लोटस १-२-३ नावाचा स्प्रेडशीट प्रोग्रॅम वापरायचे आणि त्यांच्या फायली एक्सेलला वाचता यायला हव्या होत्या.

पण जुनी फाईल नवीन एक्सेलमध्ये उघडली म्हणून ती १९०० ची होत नाही. सेटिंग फाईलच्या पोटात असतं, कॉम्प्युटरमध्ये नाही. म्हणून एकाच लॅपटॉपवर, एकाच एक्सेलमध्ये, शेजारी शेजारी उघडलेल्या दोन फायली वेगळ्या पद्धतीच्या असू शकतात, आणि दोन्हीतल्या तारखा आपापल्या जागी बरोबर दिसतात. भांडण फक्त एकीतलं दुसरीत नेलं की होतं.

३. चार वर्षं समजलं, पण दिवसही एक कमी कसा झाला? १२ चं ११?

दोन्ही पद्धतींतला फरक १४६२ दिवसांचा आहे. साध्या चार वर्षांत एक लीप वर्ष धरून १४६१ दिवस होतात, म्हणून चार वर्षं आणि वर एक दिवस.

तो जादाचा एक दिवस कुठून आला याची गंमत आहे. १९०० साल लीप नव्हतं, पण लोटस १-२-३ नं ते लीप धरलं होतं आणि एक्सेलनं त्यांच्याशी जुळायचं म्हणून ती चूक तशीच ठेवली. सेलमध्ये 60 टाकून तारखेचं फॉरमॅट दिलं तर एक्सेल आजही २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं, जो दिवस कुणी कधी पाहिलाच नाही. तर १९०० ते १९०३ चे खरे १४६० दिवस, अधिक हा भुताचा एक दिवस, आणि एका पद्धतीत मोजणी १ पासून तर दुसऱ्यात ० पासून म्हणून अजून एक. झाले १४६२.

आमच्याकडं हा एक दिवस फार नडतो. १ एप्रिल २०२४ ची एंट्री ३१ मार्च २०२० होते, म्हणजे चार वर्षं तर गेलीच, वर एंट्री आर्थिक वर्षाच्या रेषेपलीकडं गेली.

४. माझी फाईल कुठल्या पद्धतीची आहे हे कसं कळणार?

विंडोजवर `File > Options > Advanced` मध्ये बरंच खाली जा, `When calculating this workbook` असं लिहिलंय तिथं `Use 1904 date system` समोर टिक आहे का बघा. वर फाईलचं नाव दिसतं, बरोबर तीच फाईल निवडलीय ना ते पण बघा, दोन फायली उघड्या असल्या की इथं लोक हमखास चुकतात. मॅकवर हेच `Preferences` मधल्या `Calculation` मध्ये आहे.

मला तेवढं शोधायचा पण कंटाळा येतो, म्हणून मी कुठल्यातरी रिकाम्या सेलमध्ये हे टाकतो:

```
=IF(DATE(1904,1,1)=0,"1904","1900")
```

लगेच उत्तर. दोन्ही फायलींत टाकून बघायचं, उत्तर वेगळं आलं की कॉपी करायच्या आधीच हात थांबवायचा. मॅक्रोवाल्यांनी इमिजिएट विंडोमध्ये `?ActiveWorkbook.Date1904` टाकलं तरी `True` किंवा `False` येतं.

५. आमच्या ऑफिसात एकही मॅक नाही, कधी नव्हता. मग हे आलं कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मॅक नसला तरी दोन वाटांनी येतं.

एक म्हणजे पिढीजात फाईल. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी मॅकवर बनवलेली फाईल पेनड्राईव्हवरनं आली, तिचं दरवर्षी `Save As` करून नवीन नाव ठेवलं, आतला डेटा पुसला, पण टिक तशीच राहिली. नाव "बेदाणा २०२४", रक्त २००७ चं.

दुसरी वाट म्हणजे कुणीतरी मुद्दाम टिक केलेली असते, आणि त्याला कारणही असतं. १९०० पद्धतीत उणे वेळ दाखवता येत नाही, सेलमध्ये नुसती `######` अशी रांग येते. कामगारांच्या ड्युटीचे तास काढताना कुणी अर्धा तास कमी भरला की -0:30 दिसायला पाहिजे, आणि १९०४ ची टिक केली की ते दिसतं. यूट्यूबवर बघून हा उपाय करणारे खूप आहेत. हजेरीच्या फाईलपुरतं ठीक आहे हो, पण तीच फाईल पुढं मालाच्या नोंदीला वापरली की संपलं.

६. आता बिघडलंय, दुरुस्त कसं करू? एक खरं उदाहरण घेऊन सांगा.

घ्या. एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलानं कॉलेजात असताना जुन्या मॅकवर लॉटचं रजिस्टर बनवलं होतं, माल कधी लागला एवढंच त्यात. वडिलांच्या दुकानातल्या विंडोज फाईलमध्ये माल कधी सुटला ते. परवा त्यांनी लागल्याची तारीख मुलाच्या फाईलमधून कॉपी करून वडिलांच्या फाईलमध्ये B कॉलमला आणली, C मध्ये सुटल्याची तारीख आधीच होती, आणि D मध्ये `=C2-B2` टाकून स्टोरेजचे दिवस काढले. एक लॉट १२ मार्च २०२४ ला लागून २० जुलै २०२४ ला सुटला होता, म्हणजे १३० दिवस. फाईल म्हणाली १५९२. भाडं दिवसावर लावलेलं, त्यामुळं खालची बेरीज बघून वडील खुर्चीतच बसले. (१५९२ मधून १४६२ वजा करा, १३० च येतात. कुठल्याही फरकात १४६२ सापडला की दुसरा चोर शोधायची गरज नाही.)

दुरुस्ती अशी केली. आधी फाईलची कॉपी काढून ठेवली, हे विसरायचं नाही. मग B च्या शेजारी एक रिकामा कॉलम घातला आणि त्यात

```
=IF(B2="","",IF(ISNUMBER(B2),B2+1462,B2))
```

खालपर्यंत ओढलं, फॉरमॅट तारखेचं दिलं, पाच-सहा लॉट कागदी पावत्यांशी ताडून बघितले. जुळल्यावर तो कॉलम कॉपी करून B वर `Paste Special` मधून `Values` टाकलं आणि मधला कॉलम उडवला.

यापेक्षा झटपट वाट अशी: रिकाम्या सेलमध्ये `1462` लिहा, कॉपी करा, बिघडलेल्या तारखा सिलेक्ट करा, `Ctrl+Alt+V`, त्यात `Values` आणि `Add`, ओके. `Values` निवडलं नाही तर तारखांचं फॉरमॅट जाऊन नुसते आकडे दिसतात आणि माणूस अजून घाबरतो. ही वाट जलद आहे पण हिचे स्वतःचे खड्डे आहेत, ते ११ मध्ये वाचूनच वापरा.

तारीख मागे गेली असेल तर १४६२ मिळवायचे. उलट, म्हणजे १९०० वाल्यातून १९०४ वाल्यात टाकल्यामुळं तारीख पुढं गेली असेल, तर `Add` ऐवजी `Subtract`.

७. मी Ctrl+H करून 2020 च्या जागी 2024 रिप्लेस केलं, चाललं की!

चाललं नाही, तुम्हाला कळलं नाही एवढंच. वर्ष बरोबर झालं आणि दिवस एक मागेच राहिला, १२ मार्चची ११ मार्चच. शिवाय वर्षभराच्या डेटात ज्या तारखा १ जानेवारीच्या होत्या त्या ३१ डिसेंबर २०१९ झाल्यात, त्या तुमच्या रिप्लेसमध्ये सापडल्याच नाहीत. ही चूक मोठ्या चुकीपेक्षा वाईट, कारण चार वर्षांचा फरक कुणाच्याही डोळ्यात खुपतो पण एका दिवसाचा ऑडिटपर्यंत कुणाला दिसत नाही. आधीची कॉपी असेल तर तिच्यावर ६ प्रमाणे करा. नसेल तर रिप्लेस झालेल्या तारखांना नुसता एक दिवस मिळवा, आणि २०१९ वाल्या ज्या तशाच राहिल्या त्यांना मात्र पूर्ण १४६२.

८. मग सरळ टिकच केली किंवा काढली तर? एका क्लिकचं काम.

इथंच बरेच जण पाय घसरून पडतात. टिक बदलली की एक्सेल आतले आकडे बदलत नाही, फक्त मोजायची सुरुवात बदलतं. म्हणजे तुम्ही पेस्ट केलेल्या तारखा बरोबर झाल्या, आणि तुमच्या स्वतःच्या ज्या आधीपासून बरोबर होत्या त्या सगळ्या, सगळ्या शीटवरच्या, चार वर्षं पुढं पळाल्या. वरच्या उदाहरणात B सुधारला असता आणि C २०२८ मध्ये गेला असता, आणि D मध्ये तेच १५९२ राहिले असते, कारण वजाबाकी आकड्यांची होते.

टिक बदलायला हरकत नाही अशी एकच वेळ, फाईल अजून कोरी असताना.

जुनी १९०४ ची फाईल कायमची १९०० ची करायचीच असेल तर टिक काढा आणि मग प्रत्येक शीटवर हातानं टाईप केलेल्या तारखांना १४६२ मिळवा. फॉर्म्युल्यानं आलेल्या तारखांना हात लावू नका, त्या मूळ सेल सुधारला की आपोआप येतात, आणि `TODAY()`, `DATE()` ज्या त्या फाईलच्या पद्धतीनं बरोबरच उत्तर देतात. कुणी फॉर्म्युल्यात थेट आकडा लिहिला असेल, जसं १ एप्रिल २०२४ साठी `=IF(B2>=43921,...)`, तर तेवढे मात्र शोधून काढावे लागतील. म्हणूनच मी ओरडत असतो की तिथं `DATE(2024,4,1)` लिहा.

९. आमच्या शीटमध्ये अर्ध्या तारखा बरोबर आणि अर्ध्या सरकलेल्या आहेत, आणि डेटा २०१८ पासूनचा आहे. कुठली कुठली ओळखायची कशी?

अवघड आहे, खोटं सांगत नाही. २०२० ची एंट्री खरीच २०२० ची का २०२४ ची सरकलेली हे त्या सेलकडं बघून कळायचं काही साधन नाही.

पण वाराचा उपयोग होतो. १४६२ ला ७ नं भागलं की ६ उरतात, त्यामुळं मागे सरकलेल्या तारखेचा वार खऱ्या वारापेक्षा एकनं पुढचा येतो. १२ मार्च २०२४ मंगळवार होता, ११ मार्च २०२० बुधवार. आता शेजारी `=TEXT(B2,"ddd")` टाका आणि फिल्टर लावा. तुमच्या गोडाऊनला रविवारी सुट्टी असेल तर बरोबर एंट्र्यांत रविवार नसणार. सरकलेल्यांत शनिवारचे सगळे रविवारी दिसणार आणि सोमवारी एकही नसणार. सलग चाळीस ओळींत रविवार भरभरून आणि सोमवार गायब, की तो पूर्ण तुकडा बाहेरून पेस्ट झालेला आहे. लोक एकेक तारीख पेस्ट करत नाहीत, तुकडेच करतात, म्हणून एकेका ओळीपेक्षा तुकड्याची सुरुवात आणि शेवट शोधा. लॉट नंबर क्रमानं असतील तर तारीख मध्येच जिथं मागं उडी मारते तीच सीमा.

१०. मी कॉपी केलंच नाही, दुसऱ्या फाईलला लिंक दिलीय. तरी सरकलं.

लिंकमधूनही आकडाच येतो, त्यामुळं तेच होतं. लिंकमध्येच बेरीज टाका:

```
='[lot.xlsx]Sheet1'!B2+1462
```

हे १९०४ वाल्या फाईलमधून १९०० वाल्यात आणताना. VLOOKUP मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरात तारीख येत असेल तर उत्तराला `+1462`. पण तारीख घेऊन शोधत असाल, म्हणजे "या दिवशीचा दर काय", तर शोधायच्या तारखेतून `-1462` करून पाठवावं लागतं, कारण पलीकडच्या फाईलमध्ये तो दिवस लहान आकड्यानं बसलाय. नाहीतर `#N/A` तरी येईल, किंवा शेवटी TRUE ठेवलं असेल तर चार वर्षांनंतरचा दर गुपचूप येईल, ते जास्त धोक्याचं.

११. Paste Special ने Add केल्यावर रिकाम्या सेलमध्ये 1-Jan-1904 आलं आणि तासांची बेरीज हजारोंत गेली.

६ मध्ये म्हणालो ते खड्डे हेच. रिकामा सेल म्हणजे शून्य, त्यात १४६२ मिळवले की १ जानेवारी १९०४. फॉर्म्युला असलेल्या सेलवर केलं तर फॉर्म्युल्याच्या शेपटीलाच `+1462` चिकटतं.

वेळेचं प्रकरण जास्त लबाड आहे. नुसती वेळ, म्हणजे सकाळी ९ किंवा साडेसात तास, आत एक पेक्षा लहान अपूर्णांक असते, दुपारी १२ म्हणजे 0.5. तिचा तारखेशी संबंध नाही म्हणून ती कॉपी करताना सरकतच नाही, तिला दुरुस्ती नकोच. तिच्यात १४६२ मिळवले तरी hh:mm फॉरमॅटमध्ये ती दिसायला तशीच राहते, पण आत एका सेलमागं ३५,०८८ तास जादा बसतात, आणि पगाराची बेरीज घेतली की बाहेर येतात. म्हणून ज्या कॉलममध्ये रिकाम्या जागा, वेळा, फॉर्म्युले असं मिश्रण आहे तिथं मी शेजारच्या कॉलमचा फॉर्म्युलाच वापरतो. तरी त्यालाही तारीख आणि वेळ ओळखता येत नाही, कॉलम बघून तुम्हीच ठरवायचं.

१२. पुढच्या वेळी न सरकता कॉपी करायचं असेल तर?

मूळ फाईलमध्येच तारखेचा मजकूर करा, `=TEXT(B2,"yyyy-mm-dd")`, तो `Values` म्हणून न्या, आणि इकडं `=DATEVALUE(E2)` नं परत तारीख करून घ्या. मजकूर सरकत नाही. सीएसव्ही करून आणलं तरी चालतं, त्यातही दिसते तीच तारीख लिहिली जाते, पण 05-04-2024 हे ५ एप्रिल का ४ मे यावर तिथं वेगळंच रामायण होतं, म्हणून वर्ष आधी ठेवा.

मॅक्रोनं कॉपी करणाऱ्यांनी `Value2` नं उचलू नका, ते कच्चा आकडा देतं.

१३. आमच्या जमिनीच्या जुन्या फेरफारांच्या तारखा टाकायच्यात, १९०२, १९०३ च्या. १९०४ वाली फाईल त्या घेतच नाही.

घेणार नाही, तिच्यासाठी १९०४ च्या आधी जगच नाही. 15-8-1902 टाकलं की ते डावीकडं चिकटून मजकूर म्हणून बसतं, त्यावर वजाबाकी केली की `#VALUE!`. अशा कामाला १९०० वाली नवी कोरी फाईल घ्या. तिथंही १ मार्च १९०० च्या आधी तो भुताचा दिवस आडवा येतो (३ बघा), आणि १८९९ किंवा त्याआधीचं काही असेल तर तीही फाईल हात वर करते. मग दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे कॉलम करून आकडे भरा. मी वाळवा तालुक्यातल्या एकांना तसंच करून दिलंय, सॉर्टिंग वर्ष-महिना-दिवस असं लावलं की व्यवस्थित लागतं.